जोडवाचन

ताई गेल्या त्या दिवशी हजेरीच्या यंत्राने त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद केली आणि तसा निरोप त्यांच्या फोनवर पाठवला. फोन त्यांच्या मुलाजवळ होता. तो पुलगावच्या घराच्या अंगणात माणसांमध्ये उभा होता. त्याने मला फोन करून तो निरोप वाचून दाखवला आणि म्हणाला, "काका, ऑफिसात सांगून द्या." मी सांगितलं.

याला आता बरेच महिने झाले. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे, आणि दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे स्वतःचं वाक्य लिहिलं की लगेच त्यात चूक शोधायला लागतो. ताई समोर असत्या तर म्हणाल्या असत्या, "भाऊ, आधी लिहून तर काढा. मग पाहू."

आमचं ऑफिस वर्ध्याला, आर्वी नाक्याच्या बाजूला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन एवढंच काम. शाळेची स्वाध्यायपुस्तकं, संस्थांचे अहवाल, शेतीच्या माहितीपुस्तिका. पूर्वी हा धंदा एका छापखानेवाल्या मालकांचा होता. त्यांचं वय झालं तेव्हा त्यांनी तो नागपूरच्या एका कंपनीला देऊन टाकला आणि आम्ही माणसंही टेबलखुर्च्यांसकट तिकडे गेलो. तीन मुलं अक्षरजुळणी करतात. मुद्रितशोधक आम्ही दोघं, ताई आणि मी. आणि शाखेचे प्रमुख, ज्यांना आम्ही ‘सर’ म्हणतो. ते माझ्या पुतण्याच्या वयाचे आहेत.

ताई माझ्याहून मोठ्या. साठी उलटल्यावरही कंपनीने दरवर्षी करार वाढवून त्यांना ठेवलं होतं. मराठीत एम. ए. केलेल्या, वाचनाचं वेड असलेल्या, आणि बोलायला लागल्या की पूर्ण वऱ्हाडी. पुलगावहून रोज गाडीने यायच्या. गाडीत पुस्तक वाचायच्या, स्टेशनवर उतरलं की ते बंद, आणि ऑफिसात पाय ठेवला की, "काय म्हंता भाऊ, आज कोनाची मानगूट धराची हाय?"

आम्ही काम कसं करायचो ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपलं.

आम्ही समोरासमोर बसायचो. एकाच्या हातात लेखकाची मूळ प्रत, दुसऱ्याच्या हातात जुळणी झालेल्या मजकुराचा कागद. मूळ प्रतवाल्याने मोठ्याने वाचायचं, आणि नुसतं वाचायचं नाही, तर चिन्हांसकट वाचायचं. ‘पेरणीपूर्वी स्वल्प बियाणे उन्हात वाळवून स्वल्प स्वच्छ करून घ्यावे पूर्ण नवा परिच्छेद.’ दुसऱ्याने कानाने ऐकत, डोळ्याने कागदावर सरकत जायचं आणि लाल पेनने खुणा करायच्या. चहानंतर पाळी बदलायची. जुन्या मालकांच्या छापखान्यात हे असंच चालायचं आणि त्याला आम्ही ‘जोडवाचन’ म्हणायचो. एकट्याने वाचणारा माणूस अर्थ वाचतो. वाक्य सरळ असलं की पुढे जातो, मधलं काही गळलेलं असलं तरी. ऐकणाऱ्याला तसं करता येत नाही. आवाज पुढे जातो आणि कागद मागे राहतो, तिथेच हात थांबतो.

ताईंचा आवाज जाड, जरासा नाकातला. खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला आमच्या पुस्तकांतलं बरंच काही पाठ झालं होतं. जिन्यात भेटला की विचारायचा, "आज मावशी दूध उत्पादनावर होत्या ना?"

एका सोमवारी दाराशी बोटाच्या ठशावर हजेरी घेणारं यंत्र लागलं आणि त्याच दिवशी आमच्या सगळ्या संगणकांत एक प्रोग्रॅम बसवला गेला. सरांनी सगळ्यांना उभं करून समजावलं. आत येताना आणि बाहेर जाताना थम लावायचा. संगणकावर खाली कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसेल. कळफलक आणि माऊस किती चालतात ते प्रोग्रॅम मोजेल. मधूनमधून पडद्याचा फोटो काढून घेईल. काही मिनिटं हात हलला नाही तर ठिपका राखाडी होईल आणि ती वेळ ‘निष्क्रिय’ म्हणून लागेल. आठवड्याचा अहवाल नागपूरला जाईल.

"आमच्या मनात काही नाही," सर म्हणाले. "सगळ्या शाखांत लागून राह्यलं."

मुलं आपापल्या खुर्चीवर जाऊन बसली. मला मात्र फार लागलं. जुन्या मालकांनी कधी विचारलं नव्हतं की तुम्ही अर्धा तास खिडकीबाहेर काय पाहत होता. त्यांना ठाऊक होतं की एखादा शब्द आठवत नसला की माणूस खिडकीबाहेरच पाहतो. त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहिलं आणि लगेच मान वळवून ठिपका कोणत्या रंगाचा आहे ते पाहिलं. मला माझीच लाज वाटली. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चोर ठरलो." ती म्हणाली, "जेवून घ्या."

ताईंची पंचाईत वेगळी होती. यंत्राला त्यांचं बोटच कळेना. इतकी वर्षं कागद उलटून उलटून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या आणि त्यात उन्हाळा. आमच्याकडे उन्हाळ्यात कातडीचा कागद होतो. यंत्रातली बाई इंग्रजीत म्हणायची, "प्लीज ट्राय अगेन." ताई म्हणायच्या, "थांब न बाई, ठेवून राह्यली न." पुन्हा, "प्लीज ट्राय अगेन." टेबलावर पानं उलटायला ओल्या स्पंजची डबी असे, तिच्यात ताई बोट बुडवून यायच्या. तर बोट जास्त ओलं झालं म्हणून यंत्र नाही म्हणायचं. मग पदराला पुसायचं. मागे आम्ही रांगेत. शेवटी एकदाचं "थँक यू" आलं की ताई अगदी गंभीरपणे "वेलकम" म्हणून आत जायच्या. अक्षरजुळणीतला एक मुलगा त्या ‘वेलकम’साठी मुद्दाम त्यांच्या मागे उभा राहायचा.

"मावशी, तुमचं बोट नकली हाय का?"

"नकली असतं तं एका झटक्यात लागलं असतं," ताई म्हणाल्या. "हे असली हाय म्हनून तं तरास."

पहिल्या आठवड्याचा अहवाल आला तेव्हा मात्र हसू गेलं. प्रत्येकाच्या नावापुढे एक रंग होता. अक्षरजुळणीची मुलं हिरवी, सर हिरवे, आणि आम्ही दोघं लाल. ते चूक नव्हतं. प्रोग्रॅम त्याच्या हिशेबाने खरंच सांगत होता. आमचे संगणक दिवसभर उघडे आणि आम्ही दिवसभर कागदावर. पडद्याच्या फोटोत सकाळपासून तेच एक पान. पुढच्या आठवड्यातही तेच झालं. मग नागपूरहून सरांना मेल आली आणि सरांनी ती आम्हाला वाचून दाखवली. मुद्रितशोधन प्रत्येकाने स्वतंत्रपणे पडद्यावरच करावं. आणि दोन व्यक्तींचं काम इतकं कमी दिसत असेल तर दोन पदांची गरज आहे का, याचा विचार करार वाढवण्याच्या वेळी करावा.

करार ताईंचाच होता. पुढच्या महिन्यात संपत होता.

मी काहीतरी तावातावाने बोलणार होतो. ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल ठेवली. सरांना म्हणाल्या, "बरं सर. करून पाहू."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन थांबवलं?"

"तुम्ही रागात अर्धं वाक्य बोलता भाऊ. मग अर्ध्या वाक्याचं उत्तर येते."

त्या दुपारी तो ‘वेलकम’वाला मुलगा आमच्या टेबलाशी आला. हातातलं घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर माझा माऊस ठेवला. सेकंदकाटा खालून फिरत होता आणि पडद्यावरचा बाण थरथरत होता. ठिपका हिरवाच.

"काका, कागदावर वाचा निवांत. हे करत राह्यते काम."

मला ते फार आवडलं, हे मी मान्य करतो. ताईंनी घड्याळ उचललं, कानाला लावलं, मुलाला परत दिलं.

"बाबू, पडद्याचा फोटो निंगते न? बाण नाचून राह्यला आन पान तेच. पाहनारा येडा हाय का?"

"मंग काय करता मावशी? लाल राह्यता?"

"राहू. नागपूरवाल्याचा भरोसा नाई आपल्यावर. ठीक हाय, त्यानं आपल्याले पाह्यलंच नाई कधी. पन हे घड्याळ ठेवलं का मंग त्याचंच खरं होते."

मुलगा घड्याळ बांधत म्हणाला, "मावशी, तुम्ही लै शांत हा. माझ्या आजीसारख्या." ताई म्हणाल्या, "तुझ्या आजीले सांगजो, आमी दोघी मिळून तुले एकदा धुऊ."

मग आम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. मधलं टेबल बाजूला झालं. मी माझ्या पडद्यासमोर, ताई त्यांच्या पडद्यासमोर, दोघांची तोंडं भिंतीकडे. ऑफिस एकदम गप्प झालं. कंपाउंडर वर येऊन विचारून गेला, मावशी आजारी आहेत का. मी एक परिच्छेद वाचायचो, चाक फिरवायचो, पुढचा वाचायचो. ठिपका हिरवा राहावा म्हणून उगाच वरखाली करायचो आणि वाचलेलं पुन्हा वाचायचो. आठवड्याच्या अहवालात मी हिरवा झालो. ताई पिवळ्यापर्यंत आल्या.

त्या दिवसांत सोयाबीनच्या कीडनियंत्रणाची एक पुस्तिका आमच्याकडे होती. मी ती पडद्यावर तपासली, ताईंनी दुसऱ्यांदा तपासली, आणि ती नागपूरला जायला तयार झाली. पाठवायच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई डबा धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले काही करमून नाई राह्यलं. सुट्टी आपली हाय. थोडंसं वाचू का?"

आम्ही जुन्या टेबलाशी समोरासमोर बसलो. त्या वाचत होत्या, मी ऐकत होतो. औषधाचं पान आलं. ताईंनी वाचलं, "...पाण्यात मिसळावे पूर्ण फवारणीपूर्वी तोंडाला रुमाल बांधावा स्वल्प वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये पूर्ण..." आणि माझा हात थांबला. माझ्या कागदावर ते नव्हतं. मूळ प्रतीत दोन ओळी ‘पाण्यात मिसळावे’ या शब्दांवर संपत होत्या. जुळणी करणाऱ्याची नजर पहिल्या ओळीवरून थेट दुसऱ्या ओळीवर गेली होती आणि मधला मजकूर गळला होता. राहिलेला मजकूर अगदी सरळ वाचला जात होता. आम्ही दोघांनी तो हिरव्या ठिपक्याखाली पास केला होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "दोघंही आंधळे," ताई म्हणाल्या. मग जरा हसून, "चला, बराबरीत तरी."

मला वाटलं आता ताई हा कागद घेऊन सरांच्या टेबलावर आपटतील. मी असतो तर आपटला असता. त्यांनी आधी चूक दुरुस्त करून घेतली. मग सरांच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "सर, अर्धा तास द्याल का? आमच्याजवळ येऊन बसा. काही बोलाचं नाई, फक्त ऐकाचं."

सर आले. मधे खुर्ची टाकून बसले. ताईंनी त्यांच्या हातात आधीचा, न दुरुस्त केलेला कागद दिला आणि लाल पेन दिलं. म्हणाल्या, "मी वाचते, तुम्ही पाहा." सर पहिल्यांदा अवघडले. मग त्यांची मान कागदावर वाकली. ते पान आलं तसा त्यांचा हात थांबला. "ताई, थांबा. हे इथं नाहीये."

"होय," ताई म्हणाल्या आणि पुढे वाचायला लागल्या.

काही वेळाने सरांचा फोन टेबलावर थरथरला. त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा विचित्र झाला. फोन त्यांनी आमच्याकडे फिरवला. नागपूरहून प्रोग्रॅमचा निरोप होता की तुम्ही बराच वेळ निष्क्रिय आहात.

आधी ताई हसल्या. मग सर हसले, आणि ते हसणं थांबेना. पलीकडची मुलं उठून पाहायला आली. एवढे दिवस मला वाटत होतं की सर आमच्यावर नजर ठेवून आहेत. त्यांच्याही कोपऱ्यात ठिपका होता, आणि तोही त्यांना मान वळवून पाहावा लागत होता. ते म्हणाले, "ताई, मी जिन्यात फोनवर बोलायला जातो न, तेव्हाही राखाडी होतो. मागच्या आठवड्यात आईचं ऑपरेशन होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई बाबू?" ऑफिसात ताईंनी त्यांना ‘बाबू’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून नागपूरला एक मेल लिहिली. मी पहिला मसुदा केला, त्यात ‘अविश्वास’ हा शब्द तीनदा आला होता. ताईंनी तिन्ही ठिकाणी रेघ मारली. त्या म्हणाल्या, "आपल्याले वाईट वाटलं हे खरं हाय. पन त्याचं उत्तर ते काय देतीन? ज्याचं उत्तर देता येते ते विचारू." शेवटी चार प्रश्न राहिले. प्रोग्रॅम नेमकं काय काय टिपतो. ते कोण कोण पाहतं. पडद्याबाहेर केलेलं काम कसं नोंदवायचं. आणि फोटो आणि बोटांचे ठसे किती काळ ठेवले जातात. त्याखाली पुस्तिकेची हकिगत, कुणालाही दोष न देता, चार ओळींत. आमची चूक आमची म्हणून लिहिली. सरांनी स्वतःचं नाव सगळ्यांत वर घातलं.

उत्तर यायला वेळ लागला. माझ्या मनात रोज वाईट यायचं आणि ताई रोज गाडीतलं पुस्तक संपवत होत्या. मग एक दिवस नागपूरहून त्या प्रोग्रॅमचं काम पाहणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्यांना आमच्यापेक्षाही नवल वाटत होतं. पडद्याबाहेरच्या कामाची सोय त्यात पहिल्यापासूनच होती. कामाचं नाव घालायचं, वेळ घालायची, शाखाप्रमुखाने मान्य करायचं, की ती वेळ निष्क्रिय धरली जात नाही. कुणी ती चालूच केली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं. "तुमचं काम असं असतं हे आम्हाला इथं बसून कसं कळणार?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. एखादा माणूस लांब असला म्हणजे वाईटच असतो असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ताईंना बहुधा आधीच माहीत होतं.

सरांनी आमच्यासमोर ते चालू केलं. कामाचं नाव विचारलं. ताई म्हणाल्या, "जोडवाचन. एक शब्द. तोडू नका."

बोटाचाही मार्ग निघाला. सरांनी ताईंच्या बाकीच्या बोटांचे ठसे घेऊन पाहिले. डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका एका झटक्यात लागली. त्या बोटाने त्यांनी कधी पान उलटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी यंत्र पहिल्याच वेळी "थँक यू" म्हणालं, आणि ताई इतक्या गोंधळल्या की ‘वेलकम’ म्हणायचं विसरल्या. मागच्या मुलाने म्हटलं.

चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं आली. टिपलं काय जातं, पाहतं कोण, नोंद कशी करायची. फोटो आणि ठसे किती काळ ठेवतात याबद्दल ‘माहिती घेऊन कळवतो’ असं आलं. ताईंचा करार वाढला. त्या दिवशी त्यांनी पुलगावच्या एका दुकानातून आणलेली बर्फी वाटली आणि पहिला तुकडा कागदावर घालून यंत्राच्या वर ठेवला.

ठिपका काही गेला नाही. तो अजून आहे. मी खिडकीबाहेर पाहतो तेव्हा अजूनही कधी कधी मान वळते. एकदा मी हे ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "वळू द्या. मानच हाय ते. तुम्ही वळले नाई म्हंजे झालं." त्यानंतर जवळजवळ सव्वा वर्ष आम्ही वाचलं. पाठ्यपुस्तकं, एका सहकारी संस्थेचा अहवाल, आणि कुणा निवृत्त शिक्षकाचं आत्मचरित्र. त्या आत्मचरित्रातला आईच्या मरणाचा भाग ताईंनी सगळ्या विरामचिन्हांसकट न थांबता वाचला. पान संपल्यावर मात्र लगेच पुढचं घेतलं नाही. आम्ही दोघं काही न करता बसून राहिलो. सरांनी तीही वेळ जोडवाचनात मान्य केली.

शेवटच्या दिवशी त्या नेहमीसारख्या गेल्या. दाराशी अनामिका लावली, मला म्हणाल्या, "उद्या तुम्ही वाचाचं. माझा घसा बसून राह्यला." पहाटे घरीच गेल्या. झोपेत.

मी पुलगावहून परत आलो तेव्हा सरांनी त्या दिवसाची ‘गैरहजर’ नोंद काढून टाकली होती. तिथे काय लिहायचं याचे पर्याय यंत्रात ठरलेले असतात. रजा, सुट्टी, बाहेरचं काम. सर मला म्हणाले, "काका, यातलं कोणतंच बसत नाही." मी म्हटलं, "मोकळं ठेवा." त्यांनी मोकळं ठेवलं.

आता माझ्यासमोर तो घड्याळवाला मुलगा बसतो. त्याने स्वतःहून मागितलं. त्याचा आवाज पातळ आहे आणि तो ‘स्वल्प’ फार घाईने म्हणतो, पण कान चांगला आहे. कामाच्या यादीत ‘जोडवाचन’ आहे, एका शब्दात. टेबलावर स्पंजची डबी आहे, तिच्यात तो रोज पाणी घालतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी तो दर महिन्याला, त्याच शब्दांत, पुन्हा पाठवतो.